हजेरीपत्रकात ‘हजर’ नको, वेळ लिहा

निवासी प्रशिक्षण वर्गाच्या हजेरीपत्रकात बहुतेक ठिकाणी दर दिवसाला एकच चौकट असते. सही असली की माणूस हजर, नसली की गैरहजर. पहिल्या दिवशी दुपारी पोहोचलेला किंवा शेवटच्या दिवशी जेवण होताच बॅग उचलून निघालेला प्रशिक्षणार्थी या चौकटीत बसतच नाही. मग वर्गाच्या समन्वयकापुढे दोनच वाटा उरतात: अर्ध्या दिवसाला पूर्ण दिवस म्हणायचं, किंवा अर्धा दिवस बसलेल्या माणसाला आलाच नाही म्हणायचं. बहुतेक समन्वयक पहिली वाट धरतात. ती सोपी असते, कुणाचं मन दुखावत नाही आणि वरून विचारणा होत नाही. पण दोन्ही नोंदी खोट्याच. उशिरा येणं आणि लवकर जाणं हे अर्धवट हजेरी म्हणूनच, आल्या-गेल्याच्या वेळेसह नोंदवलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ‘आल्याची वेळ’ आणि ‘गेल्याची वेळ’ असे दोन रकाने वाढवल्याने कुणाचा अपमान होत नाही, मात्र ते नसल्यामुळे बरंच नुकसान होतं.

एक उदाहरण तपशिलात घेऊ. प्रथमोपचाराचा पाच दिवसांचा निवासी वर्ग आहे असं समजा. रोज दीड-दीड तासाची चार सत्रं: सकाळी ९.३० ते ११, मग ११.१५ ते १२.४५, जेवणानंतर १.४५ ते ३.१५ आणि ३.३० ते ५. म्हणजे रोजचे सहा तास, एकूण वीस सत्रं आणि तीस तास. प्रमाणपत्रासाठी किमान ८० टक्के हजेरी हवी, असा नियम.

या वर्गात तीन प्रशिक्षणार्थी आहेत. पहिला लांबून येणारा. तो पहिल्या दिवशी दुपारी दीडला पोहोचतो आणि पाचव्या दिवशी पावणेएकला निघतो. त्याची पहिली दोन आणि शेवटची दोन, अशी चार सत्रं बुडतात. दुसरी प्रशिक्षणार्थी पाचही दिवस आवारातच असते, पण रोज सकाळच्या पहिल्या सत्राला पंचवीस मिनिटं उशिरा येते. तिसरा अगदी वक्तशीर. फक्त दुसऱ्या दिवशी दुपारी ३.३० ला त्याला कचेरीतून फोन येतो आणि ते एक सत्र तो बाहेर बसून फोनवर काढतो.

आता हजेरी काढा. ‘दिवसात एक सही पुरे’ ही पद्धत असेल तर तिघंही शंभर टक्के. ‘पूर्ण दिवस बसला तरच हजर’ असा कडक नियम असेल तर पहिल्याला पाचपैकी तीन दिवस मिळतात, म्हणजे ६० टक्के. रोज उशीर झालेल्या दुसरीला तर एकही दिवस मिळत नाही. काही ठिकाणी मधला मार्ग काढतात, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की ते सत्र बुडालं असं धरतात. तसं केलं तर दुसरीची वीसपैकी पाच सत्रं जातात, ती ७५ टक्क्यांवर येते आणि प्रमाणपत्राला मुकते. तिचे प्रत्यक्षात बुडालेले तास मोजले तर १२५ मिनिटं होतात. १,८०० मिनिटांपैकी १२५, म्हणजे तिची खरी हजेरी ९३ टक्के. त्याच नियमाने सहा तास बुडालेला पहिला मात्र काठावर का होईना, ८० टक्क्यांनी पास होतो. माणसं तीच, वर्ग तोच, आणि केवळ चौकट कशी आखली यावरून निकाल उलटेपालटे होतात. यात शिस्तीचा किंवा उदारतेचा प्रश्नच येत नाही. मोजण्याची पट्टीच चुकीची आहे.

वेळ लिहिली की हा घोळ संपतो. पहिला २४ तास म्हणजे ८० टक्के, दुसरी ९३ टक्के, तिसरा ९५ टक्के. टक्केवारी मागाहून कुणीही काढू शकतं, तिचे नियम उद्या बदलले तरी पुन्हा हिशोब मांडता येतो. पण ज्या वहीत नुसतं ‘हजर’ लिहिलंय तिच्यातून वेळ परत काढता येत नाही.

तरीही केवळ तासांवर थांबायला मी तयार नाही. तिसऱ्याकडे परत पाहा. तिघांत त्याची हजेरी सर्वांत जास्त. पण दुसऱ्या दिवशी साडेतीनला जे सत्र त्याने बुडवलं, त्यात पुतळ्यावर सीपीआरचा सराव होता. प्रौढ माणसाच्या छातीवर पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यायचा आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे त्याने सकाळच्या सत्रात ऐकलंय, लिहूनही घेतलंय. हाताने एकदाही केलेलं नाही. पाच सेंटिमीटर किती खोल असतं आणि दोन मिनिटं त्या गतीने दाब देताना खांदे कसे भरून येतात, हे ऐकून कळत नाही. ९५ टक्के हजेरीवर त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि त्या कागदाच्या भरवशावर त्याचं नाव कामाच्या ठिकाणच्या प्रथमोपचारकांच्या यादीत लागतं. याउलट दुसरीची १२५ मिनिटं बुडाली ती बहुतांशी आदल्या दिवसाच्या उजळणीची. उजळणी बिनमहत्त्वाची असते असं नाही. आदल्या दिवशी चुकीचं समजलेलं दुरुस्त होण्याची तीच जागा असते. पण तिथे राहिलेलं भरून काढता येतं.

म्हणून आल्या-गेल्याच्या वेळेसमोर सत्राचं नाव असलंच पाहिजे. किती वेळ बुडाला याबरोबर काय बुडालं हेही त्याच ओळीत दिसायला हवं. वर्ग आखतानाच दोन-चार सत्रांवर ‘अनिवार्य’ अशी खूण करावी, ती पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगावी, आणि त्यातलं एखादं बुडालं तर हजेरी कितीही भरो, ते पूर्ण केल्याशिवाय प्रमाणपत्र नाही असं ठरवावं. निवासी वर्गाला इथे एक मोठी सोय आहे. माणसं संध्याकाळीही तिथेच असतात. तिसऱ्याने त्याच दिवशी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास पुतळ्यावर सराव केला आणि प्रशिक्षकाने तो पाहून सही केली, तर राहिलेलं तिथल्या तिथे भरून निघतं. मात्र ते त्याच दिवशी कळायला हवं. पाचव्या दिवशी संध्याकाळी वह्या गोळा करताना कळून उपयोग नाही.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. कारण खरं असेल, आधी परवानगी घेतली असेल, तर बुडालेला वेळ हजेरीत धरावा का? घरी आजारी माणूस आहे, तान्हं मूल आहे, ठरावीक वेळी उपचार घ्यावे लागतात, गाडी चार तास उशिरा पोहोचली. अशा वेळी सहृदय समन्वयक म्हणतो, जाऊ द्या, मी पूर्ण हजेरी लावतो. त्याच्या हेतूबद्दल मला आदर आहे, पण ही दयाळू नोंदही खोटीच आहे आणि तिचा फटका जिच्यावर दया दाखवली त्या प्रशिक्षणार्थीलाच बसतो. पुढच्या सत्रातला प्रशिक्षक वही पाहून समजतो की हिला मागचं सगळं माहीत आहे. गटात तिच्यावर तसं काम सोपवलं जातं. तिला ते येत नाही, आणि वहीत हजर असल्यामुळे ‘माझं राहिलं होतं’ असं म्हणायचीही चोरी. परवानगी मिळाली म्हणजे दोष उरत नाही, पण बुडालेला वेळ बुडालेलाच राहतो.

नोंद आणि निर्णय ही दोन कामं वेगळी ठेवली की हा पेच सुटतो. वहीत फक्त वेळ जाते: आले इतक्या वाजता, गेले इतक्या वाजता. कारण वेगळ्या जागी आणि मोघम शब्दांत: प्रवास, प्रकृती, घरगुती, कार्यालयीन. हजेरीपत्रक वर्गभर हातोहात फिरतं, त्यावर कुणाच्या आजाराचं नाव लिहिणं साफ गैर आहे. आणि त्या वेळेचं पुढे काय करायचं, सत्र भरून घ्यायचं की सोडून द्यायचं, प्रमाणपत्र द्यायचं की थांबवायचं, हे समन्वयक आणि प्रशिक्षकाने नंतर ठरवायचं. दया दाखवायची जागा तिथे आहे आणि तिथे ती मोकळ्या हाताने दाखवावी. राहिलेल्या सत्रासाठी वेगळा तास द्यावा, साहित्य आधी पाठवावं, पुढच्या वर्गात तेवढंच सत्र बसू द्यावं. नोंद खरी असली तरच यातलं काही करायचं सुचतं.

याला विरोध करणारे एक गोष्ट हमखास सांगतात: अर्धवट हजेरीला मान्यता दिली की लोक तिचा फायदा घेतील, जो तो अर्ध्या दिवसाने निघायला लागेल. मला नेमकं उलटं दिसतं. सकाळच्या एका सहीवर पूर्ण दिवस मिळत असेल, तर सही करून निघून जाणाऱ्याचं काहीच बुडत नाही. पूर्ण सवलत तर आजच्या पद्धतीत आहे. आणि दुसऱ्या टोकाला, दोन तास उशीर झाला की पूर्ण दिवस गैरहजर असा नियम असेल, तर गाडी चुकलेला माणूस म्हणतो, आजचा दिवस गेलाच आहे, उद्याच जाऊ. जे चार तास तो बसला असता तेही नियमानेच घालवले. वेळ लिहिली जाते तेव्हा प्रत्येक तासाला किंमत येते. उशीर झालेल्याला लगबगीने यावंसं वाटतं, कारण आल्याचं काहीतरी पदरात पडतं. निघू पाहणारा एक सत्र आणखी थांबतो, कारण थांबल्याचंही पडतं.

शेवटच्या दिवसाबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं, कारण सगळा खोटेपणा तिथे साचतो. एका वर्गाच्या कागदपत्रांत मी पाहिलं होतं: शेवटच्या दुपारच्या रकान्यात सगळ्यांच्या सह्या होत्या, पण त्या सकाळच्या सह्यांना चिकटून, त्याच पेनाने, त्याच तिरक्या हाताने केलेल्या. अभिप्रायाचे अर्ज मात्र सह्यांच्या निम्म्याच्या आसपास. खोलीच्या किल्ल्या परत केल्याची वही उघडली तर बहुतेक किल्ल्या जेवणाच्या सुमारास जमा झालेल्या. दुपारचं सत्र जेमतेम अर्ध्या वर्गापुढे झालं आणि कागदावर वर्ग भरलेला राहिला. हजेरी खरी आहे की नाही हे ओळखायला यंत्रं लागत नाहीत. किल्ल्यांची वही, जेवणाऱ्यांचा आकडा, गटकामाच्या याद्या आणि चाचणीचे कागद शेजारी ठेवले की जुळत नाही ते लगेच दिसतं. सर्वांत साधा उपाय म्हणजे प्रशिक्षकाने सत्र सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी आणि सत्र संपताना डोकी मोजायची आणि दोन आकडे पत्रकाच्या खाली लिहायचे. याला दोन मिनिटंही लागत नाहीत. सह्या तीस आणि डोकी बावीस असतील, तर आठ जणांच्या वेळा कुणाला तरी विचाराव्या लागतील.

सह्या दुपारच्या आत का उरकतात? कारण प्रमाणपत्रं जेवणाआधी वाटली जातात. समारोपाला पाहुणे येणार असतात, फोटो काढायचे असतात, वर्ग रिकामा दिसायला नको असतो. प्रमाणपत्र हातात पडल्यावर दोन सत्रं कोण बसणार? समारोप शेवटच्या सत्रानंतर ठेवा. आणि शेवटच्या गाडीची वेळ पाहता पाचपर्यंत थांबणं बहुतेकांना खरोखरच शक्य नसेल, तर पाचव्या दिवसाचं वेळापत्रकच एकपर्यंत आखा, त्या तीन तासांतला मजकूर आदल्या दिवसांच्या संध्याकाळी घ्या. सर्वांना शक्य नसलेली वेळ कागदावर ठेवायची आणि मग सगळ्यांनी ती पाळल्याचं दाखवायचं, याला आयोजन म्हणत नाहीत.

वेळा लिहिल्याचा हाच फायदा मला मोठा वाटतो. वही आयोजकालाही जाब विचारते. आपल्या उदाहरणातली दुसरी प्रशिक्षणार्थी आवारातच राहते, तरी रोज पंचवीस मिनिटं उशिरा का? ती एकटीच असेल तर तिच्याशी बोलावं. पण तिच्या मजल्यावरच्या आणखी सात-आठ जणी रोज त्याच सुमारास येत असतील, तर स्नानगृहं कमी आहेत किंवा नाश्ताच नऊला लागतो, हे उघड आहे. ‘हजर’ लिहिणाऱ्या वहीत हे कधीच सापडणार नाही आणि ‘उशीर’ म्हणून लाल शेरा मारणारा समन्वयक आपल्याच व्यवस्थेचा दोष त्या बायकांच्या माथी मारत राहील.

मूल्यमापनाचंही असंच आहे. वर्गाच्या सुरुवातीला पूर्वचाचणी घ्यायची, शेवटी उत्तरचाचणी, आणि दोन्हींच्या सरासरीतला फरक म्हणजे वर्गाचं यश, ही नेहमीची पद्धत. पण उशिरा आलेल्यांनी पहिली दिलेली नसते, लवकर गेलेल्यांनी दुसरी. कमी गुण पडणारे जर आधीच निघून गेले असतील, तर कुणी काही न शिकताही सरासरी वर जाते. तुलना फक्त दोन्ही चाचण्या दिलेल्यांचीच करायला हवी, आणि तसे कोण हे आल्या-गेल्याच्या वेळांवरूनच पक्कं कळतं.

निवासी वर्गात आणखी एक गोष्ट आहे जी दिवसभराच्या वर्गात नसते: रात्र. आयोजकाने माणसांना छताखाली घेतलेलं असतं. रात्री आग लागली तर बाहेर मोकळ्या जागेत सगळ्यांना उभं करून नावं वाचायची असतात. त्या यादीत दुपारीच गेलेल्या माणसाचं नाव ‘हजर’ असेल, तर त्याला शोधायला कुणीतरी धुरात शिरेल. आणि रात्री अकराला पोहोचलेल्याची नोंद ‘उद्या सकाळी करू’ म्हणून राहिली असेल, तर त्याला कुणी शोधणारच नाही. तेव्हा आगमन-निर्गमनाची नोंद वर्गातल्या पत्रकाइतकीच निवासाच्या वहीतही त्या क्षणी व्हायला हवी, आणि दोन्ही वह्या रोज रात्री एकदा पडताळल्या पाहिजेत.

प्रौढ माणसांना शाळकरी पोरांसारखं घड्याळ लावून का मोजायचं, हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. उशिरा येणाऱ्याला दारात उभं करणं, वर्गासमोर नाव घेऊन टोकणं, सगळ्यांदेखत कारण विचारणं, हे सगळं बंदच व्हायला हवं. पण प्रौढपणाचा मान राखायचा तर त्याची नोंद त्याला दाखवावी, त्यानेच वेळ लिहावी आणि सही करावी, चूक असेल तर त्याच संध्याकाळी दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्याला असावा. ‘१०.०५ ला आलो’ असं स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या माणसाचा मान कमी होत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी खोटी सही मारतं तेव्हा तो कमी होतो.

आणि हे घड्याळ एकतर्फी असून चालणार नाही. हजेरीपत्रकाच्या डोक्यावर प्रत्येक सत्राची नियोजित वेळ छापलेली असते. तिच्याखाली ‘प्रत्यक्ष सुरू’ आणि ‘प्रत्यक्ष संपलं’ अशा दोन ओळी असाव्यात आणि त्या प्रशिक्षकाने भराव्यात. साडेनऊचं सत्र पाहुणे वक्ते उशिरा आल्यामुळे नऊ पन्नासला सुरू झालं असेल, तर पावणेदहाला आलेली प्रशिक्षणार्थी उशिरा आलेलीच नाही. तिच्या नावापुढे पंधरा मिनिटं कापणं अन्याय आहे. उलट, रोज एक सत्र असं वीस मिनिटं उशिरा सुरू झालं आणि वेळेवर संपलं, तर पाच दिवसांत शंभर मिनिटं गेली. मग त्या वर्गात तीस तास शिकवलंच गेलेलं नाही, साधारण अठ्ठावीस तास वीस मिनिटं शिकवलं गेलं. हजेरीचा भागाकार त्या आकड्याने करावा लागेल आणि प्रमाणपत्रावरही तोच आकडा छापावा लागेल, पाचही दिवस पहिल्या बाकावर बसलेल्यांच्या प्रमाणपत्रावरसुद्धा.